भट्टी रिकामी आहे, पण कोअर शॉप? निर्यातीचा भाव वाढीव खर्चावर काढताना

क्षमता मोकळी असेल तर निर्यातीची ऑर्डर फक्त वाढीव खर्चावर घ्यावी, हे गणित परीक्षेत चार ओळींत सुटतं. कारखान्यात ते फार छळतं.

कोल्हापूरकडची एक फाउंड्री धरा; आकडे समजण्यापुरते. क्षमता महिन्याला ५०० टन, काम ३५० टनांचं. परदेशातून १०० टनांची चौकशी आली, भाव सीआयएफ, म्हणजे जहाजभाडं आणि विमा धरून हवा. किलोमागे धातू आणि वीज ६२ रुपये, वाळू-रेझिन ८, पीसवर दिलेलं फेटलिंग ५, पॅकिंग ४, न्हावाशेवापर्यंत ट्रक आणि क्लिअरिंग ४, जहाजभाडं-विमा ७, बँक १. झाले ९१. पगार, घसारा, व्याजाचे १८ रुपये धरले नाहीत, ते ऑर्डर नसली तरी जाणारच.

खरेदीदार ९३ च्या वर सरकत नाही. निर्यातीवर सरकारकडून परत मिळणारे ड्रॉबॅक आणि रोडटेप मिळून अडीच टक्के समजू. ते ९३ वर नाही, भाडं-विमा वगळून एफओबी ८६ वर लावायचे. रोडटेपची स्क्रिप बट्ट्यानं विकल्यावर हातात साधारण २ पडतात. म्हणजे किलोला ४ सुटले, एकूण ४ लाख. जीएसटीचा परतावा यात मिळवू नका. धातूचा दर जीएसटी सोडूनच घेतलाय. आणि भाडं ७ वरून ११ झालं की सगळं संपलं. माझं ऐकाल तर एफओबीच कोट करा.

आता खरा सापळा, त्यात आम्ही सगळेच अडकलो होतो. ‘१५० टन मोकळे’ हा आकडा भट्टीचा असतो. या कास्टिंगला कोअर, म्हणजे आतली पोकळी राखणारे वाळूचे गाभे, जास्त लागतात आणि कोअर शॉप आधीच भरलेलं असलं, तर प्रत्येक निर्यातीच्या बॉक्समागे गावातल्या गिऱ्हाइकाचा बॉक्स मागे पडतो. त्या मालाचा भाव ९८, बदलता खर्च पोचवण्यासह ७८. किलोला २० सुटतात. असा फक्त २० टन माल हुकला की ४ लाख गेले. हा तोटा कुठल्याही व्हाउचरवर दिसत नाही. म्हणून भाव काढण्याआधी शॉप फ्लोअरवर जा, कोअर शॉपच्या सुपरवायझरला विचारा. मार्केटिंगवाल्या साहेबांना विचारू नका, त्यांच्याकडे क्षमता कायम मोकळीच असते.

घाबरून ऑर्डर नाकारूही नका. कोअर शॉपला खरंच वाव असेल तर ४ लाख म्हणजे ४ लाख.

पण वर्षभर असं चालत नाही. पोचवण्याचा आणि बँकेचा खर्च वगळला तर फॅक्टरीच्या दारात देशातला भाव ९५ आणि निर्यातीचा ८१ पडतो. या फरकालाच डम्पिंग म्हणतात, आणि तिथल्या उत्पादकांनी नुकसान दाखवलं तर चौकशी लागते. पैसे मुदतीत आले नाहीत तर ड्रॉबॅकही परत करावा लागतो. कोटेशनवर टनेज, डिस्पॅचचा महिना आणि भावाची मुदत लिहा, आणि रिपीट ऑर्डरचा भाव वेगळा पडेल हेही त्याच कागदावर.