100 मीटर फायनलचे भाव काढताना या चुका टाळा

पॅरिस ऑलिंपिकची पुरुषांची 100 मीटर फायनल 4 ऑगस्ट 2024 ला झाली. त्या सकाळी हंगामाची यादी कोणीही उघडली असती तर वरची तीन नावं अशी दिसली असती: किशेन थॉम्पसन 9.77, फर्डिनंड ओमान्याला 9.79, नोआ लायल्स 9.81. यादीवरून भाव काढणाऱ्याने थॉम्पसनला फेव्हरिट केलं असतं, ओमान्यालाला दुसरा आणि लायल्सला तिसरा. ओमान्याला फायनलला पोचलाच नाही. लायल्सने 9.784 मध्ये सुवर्ण घेतलं आणि थॉम्पसन 9.789 वर दुसरा आला.

पाच हजारांश सेकंदाच्या फरकावरून कोणाचा अंदाज बरोबर होता ते ठरत नाही. थॉम्पसन जिंकला असता तरी यादीवरून भाव काढणं चुकीचंच ठरलं असतं. नेमकं काय चुकतं, ते याच शर्यतीवर दाखवतो. भाव म्हणजे इथे शक्यतेचा उलटा आकडा: 25 टक्के शक्यता असेल तर भाव 4. भारतात पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर 2025 च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे माझी वही फक्त कागदावरची आहे. पण कागदावर भाव लिहून ठेवला की आपला अंदाज किती पोकळ आहे ते लगेच कळतं.

वारा आणि उंची न पाहता वेळ उचलणं

ही सर्वांत महाग चूक, आणि टाळायला सर्वांत सोपी. निकालात प्रत्येक वेळेपुढे वाऱ्याचा आकडा असतो. पाठीमागून वारा असला तर अधिक, समोरून असला तर उणे. 2.0 मीटर प्रति सेकंदापर्यंतचा वारा नियमात बसतो, म्हणून 9.79 ही वेळ अधिकृत असते, पण सगळ्या अधिकृत वेळा सारख्या नसतात. त्यात उंचीवर हवा विरळ, म्हणजे धावपटूला अडवणारा रेटा कमी. ओमान्यालाची 9.79 नैरोबीतली होती. ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 1700 मीटर उंचावर आहे आणि त्या दिवशी पाठीमागून 1.5 चा वारा होता.

भौतिकशास्त्रज्ञ जोनास मुरेका यांचं एक छोटं सूत्र या कामाला पुरेसं आहे. `t` ही नोंदलेली वेळ, `w` वारा, `H` मीटरमधली उंची. उत्तर येतं ते वारा शून्य आणि उंची शून्य असतानाच्या वेळेचं:

```
t0 = t * (1.03 - 0.03 * exp(-0.000125*H) * (1 - w*t/100)**2)
```

आकडे घालून पाहा. नैरोबीची 9.79 होते सुमारे 9.91. थॉम्पसनची 9.77 किंग्स्टनमधली, जवळजवळ समुद्रसपाटीवरची, वारा अधिक 0.9, ती होते 9.82. लायल्सची 9.81 लंडनमधली, आणि तिथे वारा समोरून होता, उणे 0.3. ती होते 9.79. यादीतला तिसरा माणूस पहिला झाला आणि दुसरा सरळ खाली घसरला, तेही शर्यत सुरू होण्याच्या कितीतरी दिवस आधी.

या सूत्राची मर्यादाही सांगतो. वारा मोजणारं यंत्र पहिल्या लेनच्या बाजूला, शेवटच्या रेषेपासून 50 मीटरवर ठेवतात आणि 100 मीटरसाठी दहा सेकंदांची सरासरी घेतात. आठव्या लेनमध्ये वारा तेवढाच होता असं ते यंत्र सांगत नाही. म्हणून दुरुस्त केलेल्या वेळेतल्या शतांश सेकंदावर जीव टाकू नका. 0.03 चा फरक धरा, 0.01 चा सोडून द्या.

सर्वोत्तम वेळेलाच नेहमीची वेळ समजणं

हंगामातली सर्वोत्तम वेळ ही अनेक धावांतली सर्वांत कमी वेळ असते. पासे जितके जास्त वेळा टाकाल तितकं टोकाचं दान पडण्याची शक्यता वाढते. एखाद्याच्या वेळा सरासरीभोवती 0.05 सेकंदांनी पसरत असतील, तर पूर्ण जोर लावलेल्या तीन धावांतली सर्वोत्तम वेळ सरासरीपेक्षा सुमारे 0.04 ने चांगली दिसते, आणि दहा धावांतली सुमारे 0.08 ने. म्हणजे दोघांची सर्वोत्तम वेळ 9.80 असेल, पण एक तीनदा आणि दुसरा दहादा धावला असेल, तर पहिला खरोखर वेगवान आहे.

थॉम्पसनच्या बाबतीत हे पाहण्यासारखं होतं. जमैकाच्या निवड चाचणीत त्याने दोन दिवसांत 9.82, 9.84 आणि 9.77 अशा तीन वेळा दिल्या. ही एका सुदैवी दिवसाची 9.77 नव्हती, तिच्या मागे दोन भक्कम वेळा उभ्या होत्या. पॅरिसच्या उपान्त्य फेरीतही तो 9.80 धावला. म्हणून दुरुस्तीनंतर लायल्सशी दिसणारा 0.03 चा फरक मी 0.02 वर आणला. मोजताना पात्रता फेऱ्यांत शेवटी हात सोडून धावलेल्या वेळा मात्र वगळा, नाहीतर सरासरी उगाच बिघडते.

लेनला नको तेवढं वजन देणं

थॉम्पसन चौथ्या लेनमध्ये होता, लायल्स सातव्या. मधल्या लेनमधून जास्त पदकं येतात हे खरं, पण त्याचं कारण आधी तपासा. मधल्या लेन उपान्त्य फेरीत वरचढ ठरलेल्यांनाच दिल्या जातात. वेगवान माणसं तिथे ठेवल्यावर तिथून विजेते निघणारच. वेळेचा हिशेब एकदा केल्यावर लेनसाठी पुन्हा गुण दिले तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते.

पूर्वी बंदुकीजवळच्या लेनला आवाज आधी ऐकू यायचा. आता प्रत्येक ब्लॉकमागे स्पीकर असतो. सरळ 100 मीटरमध्ये मी लेनसाठी काहीच बदलत नाही. उसेन बोल्ट लंडन 2012 ला सातव्या लेनमधून जिंकला, मार्सेल जेकब्स टोकियोत तिसऱ्या. लेनमधून कळणारी एकच उपयोगी गोष्ट म्हणजे उपान्त्य फेरीत कोण मागे पडला, आणि ती तुम्हाला आधीच माहीत असते. लायल्स त्याच्या उपान्त्य फेरीत दुसरा आला होता, 9.83, पहिला जमैकाचा ऑब्लिक सेव्हिल, 9.81.

200 आणि 400 मीटरची गोष्ट निराळी. तिथे वळण आहे, आणि आतल्या लेनची त्रिज्या लहान असल्याने धावपटूला वेग टिकवायला जास्त जोर लागतो. पण बाहेरच्या लेनला नालायक ठरवू नका: वेड व्हॅन नीकर्कने रिओत 400 मीटरचा 43.03 चा विश्वविक्रम आठव्या लेनमधून केला.

आता भाव

या तीन दुरुस्त्यांनंतर माझ्या वहीतला अंदाज असा: लायल्स शून्य, थॉम्पसन त्याच्या 0.02 मागे, सेव्हिल आणि अकानी सिम्बिने 0.05 मागे, बाकी चौघे 0.08 मागे. प्रत्येकाच्या वेळेचा पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, 0.05 धरलं. मग संगणकाला एक लाखदा शर्यत धावायला लावायची:

```python
import numpy as np
m = np.array([0, .02, .05, .05, .08, .08, .08, .08])
t = np.random.normal(m, .05, (100000, 8))
p = np.bincount(t.argmin(1), minlength=8) / 100000
print(p, 1/p)
```

लायल्सला सुमारे 42 टक्के येतात, म्हणजे भाव 2.4. थॉम्पसन 25 टक्के, भाव 4. सेव्हिल आणि सिम्बिने दहा-दहा टक्के, भाव 10. बाकीचे प्रत्येकी साडेतीन टक्क्यांच्या आत.

आता इथली चूक पाहा, कारण ती दिसत नाही. पसारा 0.05 ऐवजी 0.08 करा, बाकी काहीही बदलू नका. लायल्स 42 वरून 30 टक्क्यांवर येतो. सरासरी तीच, क्रम तोच, तरी भाव 2.4 वरून 3.3. लोक सरासरीवर तासन्तास घालवतात आणि पसाऱ्याला डोळे मिटून एक आकडा देतात. फेव्हरिटचा भाव फार कमी येत असेल तर पहिला संशय पसाऱ्यावर घ्या. सोपी तपासणी अशी की त्या धावपटूंच्या मागच्या मोठ्या फायनलमधल्या दुरुस्त वेळा त्यांच्या त्या हंगामातल्या सर्वोत्तम वेळेपासून किती दूर पडल्या ते लिहा. पॅरिसमध्ये वारा अधिक 1.0 होता. दुरुस्तीनंतर थॉम्पसन स्वतःच्या हंगामी सर्वोत्तमपेक्षा सुमारे 0.02 मागे, सिम्बिने 0.03, लायल्स 0.05 आणि सेव्हिल 0.10 मागे पडला. फायनलमध्ये बहुतेकजण थोडे मागेच पडतात, पण सगळे सारखे नाही, आणि हाच तो पसारा.

मोठ्या फायनलचा शिक्का

सेव्हिलवरून हे जास्त सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण त्याच्याबाबतीत मी स्वतः चुकलो. 2022 च्या जागतिक स्पर्धेत तो चौथा, 2023 ला बुडापेस्टमध्ये चौथा, पॅरिसमध्ये आठवा. मोठ्या फायनलला टिकत नाही असं मी वहीत लिहिलं आणि पुढच्या वर्षी त्याचा भाव वाढवून ठेवला. बुडापेस्टचा निकाल मी नीट उघडून पाहिला असता तर तसं केलं नसतं. तिथे दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या धावपटूची वेळ एकच, 9.88. रौप्य कोणाला, कांस्य कोणाला आणि रिकामे हात कोणाला, ते हजारांश सेकंदांनी ठरलं. पदक न मिळणं आणि वाईट धावणं यांत मी गल्लत केली. सप्टेंबर 2025 मध्ये टोकियोत सेव्हिल 9.77 मध्ये जगज्जेता झाला.

म्हणून विश्वासार्हता मोजताना जागा मोजू नका, वेळेतला फरक मोजा. आणि तीन फायनल हा फार छोटा नमुना आहे. माझी रीत अशी की तीन फायनलमधून निघालेल्या सरासरी फरकाचा मी जास्तीत जास्त तिसरा हिस्सा धरतो आणि उरलेलं सगळ्या फायनलिस्टच्या सरासरीवर सोडतो. सेव्हिल फायनलमध्ये इतरांपेक्षा 0.06 ने घसरतो असं दिसलं तर त्याच्या अंदाजात 0.02 मिळवायचे, संपूर्ण 0.06 नाही.

शेवटची गोष्ट म्हणजे फॉल्स स्टार्ट. 2010 पासून पहिल्याच चुकीला बाद करतात. 2011 मध्ये दैगूत बोल्ट, टोकियो ऑलिंपिकला झार्नेल ह्यूज आणि 2025 मध्ये लेत्सिले टेबोगो, तिघेही 100 मीटरच्या फायनलमध्ये असेच बाद झाले. बारा फायनल आणि शंभराच्या आसपास धावपटू धरले तर साधारण तीन टक्के. पण म्हणून आठही जणांच्या शक्यतेला 0.97 ने गुणू नका. तसं केलं तर बेरीज 97 होते आणि विनाकारण सगळेच भाव वाढतात. एक बाद झाला की त्याचा वाटा उरलेल्या सातांना जातो, त्यामुळे सगळ्यांना सारखाच धोका असेल तर भाव जवळजवळ हलत नाहीत. फरक पडतो तो एखाद्याने याच हंगामात फॉल्स स्टार्ट केला असेल किंवा उपान्त्य फेरीनंतर मांडीला पट्टी बांधून आला असेल तेव्हा. फक्त त्याचा आकडा कमी करा आणि मग आठही आकड्यांची बेरीज पुन्हा 100 करून घ्या.