भर साडेबाराच्या उन्हात चेहऱ्यांचे फोटो काढण्याची तयारी, आणि ती पांढरी चादर

आमच्या बेळगाव-खानापूर भागात लग्नाचा मुहूर्त बहुधा दुपारी साडेबाराच्या आसपास असतो, आणि अक्षता पडल्या की पंगत बसण्याआधी नवरा-नवरीचे, आई-वडिलांचे आणि पाव्हण्यांचे फोटो उरकावे लागतात. संध्याकाळच्या कोवळ्या उन्हाची वाट पाहा, हा सल्ला अशा वेळी निरुपयोगी असतो, कारण संध्याकाळी वरात निघून गेलेली असते. गेल्या मे महिन्यात खानापूर तालुक्यातल्या एका गावी मामेबहिणीच्या लग्नात हे काम मी अंगावर घेतले आणि बिघडवले, म्हणून ही यादी लिहून ठेवतो आहे. ती सुरू होते एका पांढऱ्या चादरीपासून. ती मी घरी कपाटात विसरलो होतो.

कॅमेरा, चार्ज केलेल्या दोन बॅटऱ्या, कार्ड आणि पाणी यांबद्दल सांगण्यासारखे काही नाही. चादर मात्र आधी बॅगेत घालावी आणि बाकीचे नंतर भरावे. डबलबेडची, साधी सुती, पांढरी, बिननक्षीची चादर असावी. शक्य तर दोन. नीळ घातलेली किंवा फार शुभ्र चमकणारी नको, कारण उन्हात तिचा निळसर उजेड त्वचेवर येतो. सॅटिन तर मुळीच नको. बेळगावच्या खडेबाजारात मिळणारे जाडसर मांजरपाट चालते. ते किंचित पिवळट असले तरी गव्हाळ चेहऱ्याला ते बरेच वाटते.

चादरीवर इतका जोर देण्याचे कारण नीट समजून घ्यावे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बेळगावच्या जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो, तोही बारा वाजता नव्हे तर साडेबाराच्या सुमारास. अशा वेळी ऊन कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर आणि गालाच्या वरच्या कडेवर पडते. डोळ्यांच्या खोबणीत, नाकाखाली आणि हनुवटीखाली ते पोहोचतच नाही. त्या जागांना उजेड मिळतो तो जमिनीवरून उसळून आलेला. म्हणजे भर दुपारी तुमचा सर्वांत मोठा रिफ्लेक्टर पायाखाली पसरलेला असतो आणि त्याचा रंग तुम्ही निवडलेला नसतो. खानापूरकडे माती तांबडी, अंगण तांबडे आणि भिंतीचे चिरेही तांबडे, त्यामुळे खालून येणारा उजेडही तांबूस. निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या रानात उलटा प्रकार होतो: रंग चढत नाही, पण काळी जमीन उजेड गिळते आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. हिरवळीवर उभे केले तर गळा हिरवट दिसतो. तिन्हीकडे उपाय एकच, समोर जमिनीवर अंथरलेली पांढरी चादर.

माझ्याकडे त्या दिवशी डिफ्यूझर, म्हणजे ऊन मऊ करणारा पातळ पांढरा पडदा होता, तो धरायला भाचा होता आणि आपण सर्व तयारीनिशी आलो आहोत असा माझा समज होता. डिफ्यूझर डोक्यावर धरल्याबरोबर नाकाची कडक सावली गेली आणि मी खूश झालो. मात्र त्या पडद्याने वरचे ऊन निम्मे किंवा त्याहून कमी केले होते, तर भोवतालचे अंगण पहिल्याइतकेच तापत होते. त्यामुळे चेहऱ्यावर तांबड्या उजेडाचा वाटा कमी होण्याऐवजी वाढला. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर उन्हात हे कळले नाही. घरी मोठ्या पडद्यावर फोटो पाहताना मामींनी विचारले, "काय गा, पोरीच्या गळ्याची हळद धुतलीच नव्हती काय?" हळद व्यवस्थित धुतली होती, ते अंगण होते. संगणकावर तांबडेपणा कमी करायला गेलो तर कपाळ निळे पडू लागले, कारण एकाच चेहऱ्यावर दोन रंगांचे उजेड असले की व्हाइट बॅलन्सची, म्हणजे रंग जुळवण्याची, एकच मात्रा दोघांना लागू पडत नाही. साठ-सत्तर फोटोंतले गळे एकेक करून रंगवत बसण्यात माझे दोन रविवार गेले. चादर असती तर हे काम अंथरण्याच्या अर्ध्या मिनिटात आटोपले असते.

शक्य असल्यास आदल्या दिवशी दुपारी त्याच वेळी जागा पाहून यावी. सकाळी पाहून काही समजत नाही. आधी ओसरी शोधावी. कौलारू घराची ओसरी हा आपल्याकडचा उत्तम स्टुडिओ आहे, कारण वरचे ऊन छप्पर अडवते आणि समोर मोकळे आकाश असते. सूर्य डोक्यावर असल्यामुळे छपराची सावली जवळजवळ पागोळ्यांच्या रेघेवरच पडते. माणसाला त्या रेघेच्या आत एक पाऊल, तोंड बाहेर करून उभे करावे. पाऊल रेघेबाहेर गेले तर नाकावर उन्हाचा ठिपका पडतो, आणि फार आत घेतले तर चेहरा मलूल, बिनउजेडाचा दिसतो. चादर रेघेबाहेर, उन्हात, माणसापासून दोन-तीन पावलांवरून सुरू होईल अशी पसरावी. अगदी पायाशी पसरली तर उजेड सरळ खालून येतो आणि चेहरा नाटकातल्या भुतासारखा दिसतो. थोडी लांब असली की तो तिरका, समोरून आल्यासारखा येतो. तुम्ही स्वतः चादरीवर उभे राहिलात तरी चालते, कारण त्या वेळी तुमची सावली तुमच्या पायांपुरतीच असते. फक्त अंगात लाल किंवा हिरवा शर्ट नको.

चादर पुरेशी आहे की जास्त झाली, हे डोळ्यांनी ठरवता येते. एक कोरा पांढरा कागद माणसाच्या हनुवटीखाली आडवा धरावा आणि खाली वाकून त्याची जमिनीकडची बाजू पाहावी; ती तांबूस दिसली तर गळाही तांबूस येणार, तेव्हा चादर आणखी पसरावी. हनुवटीची खालची बाजू कपाळापेक्षा उजळ दिसू लागली तर चादर जास्त झाली. तिची घडी घालून ती अर्धी करावी. बसलेल्या माणसाचा चेहरा जमिनीला जवळ असतो, म्हणून आजी-आजोबांना खुर्चीवर बसवल्यावर ही घडी हमखास घालावी लागते. डोळ्याच्या बाहुलीच्या खालच्या अर्ध्या भागात उजेडाची एक फिकट पट्टी दिसली की मात्रा बरोबर आहे असे समजावे.

ओसरी नसेल तरच डिफ्यूझर काढावा. तो चेहऱ्याच्या जितका जवळ धरता येईल तितका, चौकटीत न येईल अशा बेताने धरावा. दोन हात वर नेला की तो तंबूइतकाच उपयोगी. धरायला एक माणूस नेमलेला असावा आणि त्याला पंगतीची घाई नसावी. मेमध्ये दुपारून वारा सुटतो व वळिवाची हवा झाली की डिफ्यूझर शिडासारखा ओढतो, म्हणून हे काम लहान पोरावर सोपवू नये. पडद्याखाली चेहरा एक ते दोन स्टॉप अंधारतो, म्हणजे त्यावरचा उजेड निम्मा ते पाव उरतो, आणि त्याच्यासाठी एक्स्पोजर वाढवले की मागची उन्हातली भिंत पांढरीफटक होते. म्हणून पाठीमागे आंब्याचे झाड, उघडे दार, गोठ्याचा अंधार असे काही गडद असावे. चुन्याची भिंत नको, मंडपाचे पांढरे कापडही नको. पांढरे फक्त जमिनीवर असावे.

आता डोळ्यांविषयी. नवरीला आम्ही देवघरातल्या अंधारातून थेट अंगणात आणले आणि ती किलकिल्या डोळ्यांनी उभी राहिली, यात तिची काय चूक? दोन-तीन मिनिटे ओसरीत उभे राहू द्यावे, मग जागेवर आणावे. चादर उन्हात लखलखते, म्हणून तिच्याकडे कोणालाही पाहू देऊ नये. नजर कॅमेऱ्याकडे किंवा त्याच्या किंचित वर असावी, आणि तुमच्या पाठीमागे त्यांना काहीतरी गडद दिसावे. डोळे मिटायला सांगावे, तीन मोजावे, उघडायला सांगावे आणि लगेच बटण दाबावे. त्यानंतर दोन सेकंदांत डोळे पुन्हा बारीक होतात. तेवढा वेळ फुकट घालवू नये. मुंडावळ्यांकडेही लक्ष असावे, कारण वरच्या उन्हात मोत्यांच्या सरांची सावली गालावर ओळीने ठिपके उमटवते. उन्हात असताना त्या कानामागे सारून घ्याव्यात.

एक्स्पोजर कपाळासाठी ठरवावे. उघड्या उन्हात आयएसओ १०० आणि ॲपर्चर ४ असताना शटर सुमारे १/१६०० लागते. पडद्याखाली ते १/८०० ते १/४०० वर येते. जळालेला भाग लुकलुकवून दाखवणारी खूण चालू ठेवावी आणि कपाळ लुकलुकले तर एक्स्पोजर कमी करावे, कारण उडालेले कपाळ रॉ फाइलमधूनही परत येत नाही. आधी घाम टिपावा, रुमालाने दाबून. पुसू नये, कुंकू फिसकटते. पहिल्या चार फोटोंनंतर कॅमेरा घरात नेऊन सावलीत स्क्रीन पाहावी, विशेषतः गळा. फ्लॅश न्यायचा असेल तर न्यावा. फ्लॅश आणि शटर जुळण्याच्या, म्हणजे सिंकच्या, मर्यादेमुळे शटर १/२०० किंवा १/२५० वर अडकते, आणि तांबडे अंगण फ्लॅशने पांढरे होत नाही. चादरीने होते.

चादरीचे कोपरे चिऱ्यांच्या तुकड्यांनी दाबावेत. चप्पल घालून कोणी वर येऊ नये, हे ओरडून सांगावे लागते; अर्ध्या तासात तिच्यावर तांबड्या पावलांचे ठसे उठतात, म्हणून दुसरी चादर. पाच-सहांहून अधिक माणसांना एक चादर पुरत नाही. मोठा गट साडेचारनंतर घ्यावा, नाहीतर ओसरीच्या पायऱ्यांवर.

घरी आल्यावर चादर त्याच रात्री भिजत घालावी, कारण तांबडी माती वाळली की निघत नाही. वाळल्यावर ती कपाटात ठेवू नये. कॅमेऱ्याच्या बॅगेतच ठेवावी.