चॅनल ट्रेलरचा नमस्कार: रेकॉर्डिंगच्या आधी आणि नंतर काय काय तपासायचं

चॅनलची ओळख करून देणारा व्हिडिओ, म्हणजे चॅनल ट्रेलर, यूट्यूबवर ज्यांनी अजून सबस्क्राइब केलेलं नाही त्यांच्यासाठी असतो. सबस्क्राइब केलेल्यांना त्या जागी दुसरा व्हिडिओ दाखवायची वेगळी सोय आहे. तयारी इथूनच सुरू करा, कारण नमस्कार कोणाला करायचा हे यावरून ठरतं. समोरचा माणूस तुम्हाला ओळखत नाही. तुमचा एखादा व्हिडिओ पाहून किंवा नाव शोधून तो चॅनलच्या पानावर आलाय आणि व्हिडिओ आपोआप सुरू झालाय. त्याने तो मुद्दाम लावलेला नाही. त्यामुळे ‘पुन्हा एकदा स्वागत’, ‘नेहमीप्रमाणे’, ‘तुम्हाला माहीतच आहे’ असले शब्द आधी काढून टाका. ‘शुभ सकाळ’ आणि ‘आज’ हेही काढा. ट्रेलर महिनोन्‌महिने तिथे राहतो आणि तो रात्री अकरालाही पाहिला जातो. सबस्क्रायबरचा आकडा तोंडाने सांगू नका, तो बदलला की व्हिडिओ शिळा होतो.

मग वाक्य लिहा. पाठ करायला नव्हे, मोजायला. समजा, चॅनल घरच्या घरी सायकल दुरुस्त करण्याबद्दल आहे. पहिल्या झटक्यात बहुतेकांच्या हातून असं लिहिलं जातं: ‘नमस्कार मित्रमैत्रिणींनो, माझ्या चॅनलवर तुम्हा सर्वांचं मनापासून स्वागत आहे. आज मी तुम्हाला माझ्या चॅनलची थोडक्यात ओळख करून देणार आहे.’ हे मोठ्याने म्हणा आणि स्टॉपवॉच लावा. सावकाश, स्पष्ट बोलणाऱ्याला साधारण आठ सेकंद लागतात. त्या आठ सेकंदांत सायकल हा शब्द एकदाही आला नाही. सौजन्य आहे, पण अनोळखी माणसाला थांबावंसं वाटेल असं काहीच त्यात नाही.

आता हे म्हणून बघा: ‘नमस्कार! उतरलेली चेन, न लागणारा ब्रेक, डगमगणारं चाक, सायकलची असली कामं मी इथे घरच्या घरी करून दाखवते.’ वेळ जवळपास तितकाच लागेल. फरक असा, की दुसऱ्याच सेकंदाला कानावर चेन पडते. ज्याची चेन उतरते तो तिथेच थांबेल आणि ज्याचा सायकलशी संबंध नाही तो निघून जाईल. तो गेला तर जाऊ द्या, त्याच्यासाठी ट्रेलर केलेला नाही. तपासायची गोष्ट एकच: ‘नमस्कार’ आणि विषयाचा पहिला ठोस शब्द यांच्यामध्ये किती शब्द आहेत? तीनाहून जास्त असतील तर वाक्य फिरवा. ‘सायकलविषयी बरंच काही’ असं मोघम लिहू नका, हातात धरता येईल अशी वस्तू किंवा अडचण लिहा.

नमस्कार पूर्णच गाळावा का? नेहमीच्या व्हिडिओत माझ्या मते खुशाल गाळा, तिथे माणूस उत्तर शोधत आलेला असतो. ट्रेलरमध्ये मात्र ठेवा. इथे तो तुम्ही कोण आहात हे बघायला येतो, आणि एका शब्दाचा नमस्कार त्याला तुमचा आवाज, चेहरा आणि स्वभाव एकदम देतो. फक्त तो एकाच श्वासात पुढच्या वाक्याला जोडा. ‘नमस्कार’ म्हणून थांबलात, श्वास घेतलात, की ते भाषण वाटायला लागतं. स्वतःचं नाव तोंडाने सांगायची घाई नको. ते विषयानंतर सांगा, किंवा पडद्यावर पट्टीत लिहा. पट्टी अगदी तळाशी ठेवू नका, तिथे सबटायटल्स येतात.

चित्राचा विचार आवाजाइतकाच करायला हवा. फोनवर यादीतून खाली जाताना व्हिडिओ बऱ्याचदा आवाज बंद ठेवूनच चालू होतात, म्हणजे काहींना तुमचा नमस्कार ऐकूच येणार नाही. म्हणून पहिल्या फ्रेममध्ये विषय दिसला पाहिजे. सायकलच्या उदाहरणात चेहऱ्याशेजारी, हातात, ग्रीस लागलेली चेन असू द्या. मागे भिंतीला टेकवलेली अख्खी सायकल एवढी चांगली नाही, कारण छोट्या चौकटीत ती नुसती काळी रेघ दिसते. काळ्या पडद्यातून हळूहळू उजळत येणारी सुरुवात टाळा, पहिल्या सेकंदात बघणाऱ्याला काळंच दिसतं. फिरणाऱ्या लोगोचा तुकडा असेल तर तो नमस्काराच्या पूर्ण वाक्यानंतर ठेवा, तोही दोन-तीन सेकंदांचाच. बोललेलं वाक्य सबटायटल्समध्ये स्वतः टाइप करा. आपोआप तयार झालेल्या ओळींमध्ये सुट्या भागांची नावं आणि अवजारांचे शब्द हमखास बिघडतात.

कॅमेऱ्यासमोर बसण्याआधी लेन्सची काच पुसा. शक्यतो फोनचा मागचा कॅमेरा वापरा. पुढच्या कॅमेऱ्यावर बोलताना नजर स्वतःच्या चित्राकडे जाते, आणि बघणाऱ्याला तुम्ही त्याच्या डोळ्यांखाली कुठेतरी बघताय असं वाटतं. लेन्स डोळ्यांच्या उंचीवर, साधारण हाताच्या अंतरापेक्षा थोडी दूर. बहुतेक फोनमध्ये चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड तिथेच अडकतो, ते करा. नाहीतर तुम्ही चेन वर उचलताच कॅमेरा चेहरा सोडून चेनकडे फोकस शोधायला लागतो, आणि नेमका नमस्काराचा क्षण धूसर होतो.

आता आवाज. रेकॉर्ड दाबल्यावरचा पहिला शब्द जवळजवळ नेहमी कोरडा आणि जरा उंच पट्टीत निघतो. उपाय सोपा आहे: पहिला शब्द ‘नमस्कार’ असू देऊ नका. कॅमेऱ्यामागे ओळखीचं कोणी उभं करा आणि त्यांना खरोखरचा प्रश्न विचारायला सांगा, ‘काय करतेस गं इथे बसून?’ त्यावर ‘अगं, सायकलचं काम चाललंय’ असं नेहमीच्या सुरात उत्तर द्या, एक सेकंद गप्प राहा, नजर लेन्सवर आणा आणि मग नमस्कार करा. उत्तर कापून टाकायचं. बोलण्याची पट्टी मात्र तीच राहते, कारण माणूस एका सेकंदात सूर बदलत नाही. एकटेच असाल तर प्रश्न मनात ऐका, उत्तर मात्र मोठ्याने द्या.

संबोधन एकवचनी भावनेचं ठेवा. ‘तुम्ही सगळे’ म्हटलं की नजर नकळत इकडेतिकडे फिरते, जणू सभागृह आहे. बघणारा एकटा असतो. नुसतं ‘तुम्ही’ म्हणा आणि एका ठरावीक ओळखीच्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर आणा. हातांचंही आधीच ठरवा. हात जोडणार असाल तर चेन कुठे ठेवणार? दोन्ही जमवायला गेलात तर चेन सांभाळण्यात नजर खाली जाते. माझा कौल चेनच्या बाजूने, हात न जोडता नुसता शब्द पुरतो.

कापताना एक बारीक गोष्ट सगळ्यांत जास्त बिघडते. ‘नमस्कार’मधला न मऊ असतो, नाकातून येतो, आणि एडिटिंगच्या पट्टीवर आवाजाचा उंचवटा त्याच्या जरा नंतर ठळक दिसतो. उंचवटा बघून कापलंत की सुरुवातीचा न कापला जातो. शिवाय काही ब्लूटूथ इअरफोन आवाज सुरू झाल्यावर जागे होतात आणि सुरुवातीचा अंश गिळतात. म्हणून शब्दाआधी पाच-सहा फ्रेम, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा, खोलीच्या शांततेचे ठेवा. त्याहून जास्त नको. जास्त ठेवलं तर तुम्ही बटण दाबून मागे सरकताय, श्वास घेताय, हे दिसतं. त्या पाच-सहा फ्रेममध्येही नजर लेन्सवर आणि चेहरा बोलण्याच्या बेतात असायला हवा, डोळे मिटलेले नकोत. संगीत असेल तर ते नमस्कार संपल्यावर आणा. आवाज एकूण कमी रेकॉर्ड झाला असेल तर तो तुम्हीच वाढवा. यूट्यूब फार मोठे आवाज खाली आणतं, पण हळू आवाज सहसा वर उचलत नाही. मागचा व्हिडिओ दणदणीत असेल तर तुमचा नमस्कार त्यानंतर पुटपुटल्यासारखा लागेल.

फाइल चढवण्याआधी तीन वेळा बघा, दर वेळी वेगळ्या रीतीने. एकदा आवाज बंद करून, फोन हातभर लांब धरून: विषय कळतो का? एकदा पडद्याकडे पाठ करून, नुसतं ऐकून: पहिलं अक्षर पूर्ण आहे का? तिसरी वेळ तुमची नाही. तुमचं चॅनल ठाऊक नसलेल्या कोणाला पहिली पाच सेकंदं दाखवा, थांबवा आणि विचारा, ‘इथे काय बघायला मिळेल?’ ‘सायकल दुरुस्ती’ असं उत्तर आलं तर पुढे जा. ‘छान बोलतेस’ असं आलं तर वाक्याकडे परत जा.

यूट्यूब स्टुडिओमध्ये कस्टमायझेशनमध्ये जाऊन व्हिडिओ नव्या पाहुण्यांसाठीचा ट्रेलर म्हणून लावा. मग ब्राउझरची खाजगी खिडकी उघडून, लॉगइन न करता स्वतःचं पान बघा, कारण पाहुण्याला दिसतं ते तसंच दिसेल. संगणकावर तो तिथे पानाच्या एका भागात लहान चौकटीत चालतो. तुमची नावाची पट्टी त्या आकारात वाचता येते का, हे इथेच कळतं.

काही आठवड्यांनी, पुरेसे लोक येऊन गेल्यावर, प्रेक्षक किती वेळ टिकले त्याचा आलेख उघडा. पहिल्या सेकंदांत उतार असणारच. ट्रेलर आपोआप सुरू होत असल्याने हा उतार इतर व्हिडिओंपेक्षा जास्तही असू शकतो, म्हणून तुलना तुमच्या जुन्या ट्रेलरशी करा. बघायचं ते हे, की उतार कुठे सपाट होतो. चेनचा उल्लेख येताच सपाट होत असेल तर वाक्य काम करतंय. उतार तसाच चालू राहून नंतर, प्रत्यक्ष दुरुस्तीच्या दृश्यापाशी थांबत असेल, तर ते दृश्य पुढे आणायला हवं: आधी दोन सेकंदं चेन बसतानाचं दृश्य आणि तिचा खट्‌ आवाज, मग नमस्कार.

त्यासाठी मात्र नवा व्हिडिओ चढवावा लागतो, कारण चढवलेल्या व्हिडिओची फाइल बदलता येत नाही. नुसती सुरुवात लांबलेली असेल तर एवढी खटपट नको. स्टुडिओच्या एडिटरमध्ये सुरुवातीची सेकंदं कापता येतात आणि लिंक, व्ह्यूज, कमेंट सगळं तसंच राहतं. कापल्यावर बदल दिसायला थोडा वेळ लागतो. तो दिसला की खाजगी खिडकीत पुन्हा एकदा ‘नमस्कार’मधला न ऐकून घ्या.