साइट दुसऱ्या इंजिनिअरच्या हाती देताय? हँडओव्हर नोटमधल्या या चुका टाळा

मी एका सात मजली इमारतीची साइट मध्येच ताब्यात घेतली, तेव्हा हातात चार पानी हँडओव्हर नोट मिळाली होती. त्यात एक ओळ होती: "पाचवा स्लॅब पूर्ण." तारीख होती १४ मार्च. तीन दिवसांनी सेंट्रिंगचा मुकादम आला आणि म्हणाला, "साहेब, टेकू काढू का? वरच्या स्लॅबला प्लेटा कमी पडतायत." स्लॅब कधी ओतला, हे नोटमध्ये कुठेच नव्हतं. पोअर कार्ड शोधलं तेव्हा ८ मार्च निघाली, म्हणजे त्या दिवशी जेमतेम नऊ दिवस झाले होते. हॉलचा स्पॅन ५.२ मीटर. आयएस ४५६ प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी निघतात, त्यावरच्या स्पॅनला १४ दिवस लागतात. तेही साधं ओपीसी सिमेंट असेल आणि हवा थंड नसेल तर. आमच्याकडे पीपीसी होतं, त्यामुळे २२ मार्चच्याही पुढे थांबणं भाग होतं.

सगळ्यात मोठी चूक हीच. नोट लिहिताना आपण मासिक प्रगती अहवाल उघडतो आणि "पूर्ण" आणि "बाकी" असे दोन रकाने भरतो. पण साइटवर घोळ होतो तो या दोन्हींच्या मधल्या कामांत, म्हणजे जी करून झाली पण ज्यांची मुदत अजून चालू आहे. त्या एका स्लॅबमागे अशा तीन मुदती होत्या. टेकूंची एक. क्युरिंगची दुसरी, कारण पीपीसीला किमान १० दिवस पाणी हवं. तिसरी क्यूबची: ७ दिवसांची चाचणी १५ मार्चला, म्हणजे हँडओव्हरच्या दुसऱ्याच दिवशी, आणि २८ दिवसांची ५ एप्रिलला. सात दिवसांची तारीख तर हुकलीच, कारण क्यूब पाण्याच्या टाकीत आहेत हेच मला ठाऊक नव्हतं.

म्हणून ती ओळ अशी लिहायला हवी होती: "पाचवा स्लॅब, एम२५, पीपीसी, ८ मार्चला ओतला. पाणी १८ मार्चपर्यंत. हॉलचे टेकू २२ मार्चआधी हलवायचे नाहीत, त्यानंतरही स्ट्रक्चरल कन्सल्टंटला विचारून. क्यूब टाकीत, लॅबला १५ मार्च आणि ५ एप्रिलला पाठवायचे." चार वाक्यं, पण नवा माणूस पहिल्याच दिवशी त्यावरून काम करू शकतो.

दुसरी चूक तोंडी ठरलेल्या गोष्टींची. आर्किटेक्टने फोनवर सांगितलं, "टॉयलेटची भिंत सहा इंच आत घ्या." आपण साइटवरच्या प्रिंटवर लाल पेनाने खूण केली आणि काम चालू ठेवलं. नवा इंजिनिअर मात्र फोल्डरमधलं आर२ ड्रॉइंग काढून वरच्या मजल्याची लाइनआउट देतो, आणि खालच्या-वरच्या टॉयलेटचे पाइप एका रेषेत येत नाहीत. "ड्रॉइंगमध्ये किरकोळ बदल आहेत" असं नोटमध्ये लिहून काहीच साधत नाही. ड्रॉइंगचा नंबर, बदल, कोणी सांगितला, कोणत्या तारखेला आणि कोणत्या मजल्यापासून लागू, हे लिहा. जाण्याआधी त्या व्यक्तीला "आपलं असं बोलणं झालं होतं" असा मेल टाकून होकार मिळवा. तुम्ही गेल्यावर नव्या माणसाच्या शब्दावर तो होकार मिळणं फार कठीण जातं.

बिलांचं थोडक्यात सांगतो. शेवटचं आरए बिल कितवं, एवढं पुरत नाही. मेजरमेंट बुकात नोंद झाली पण बिलात आली नाही अशी कामं, आणि मुद्दाम अडवून ठेवलेली रक्कम कारणासकट लिहा. एखाद्या कॉलमला हनीकोंब निघाला म्हणून पैसे रोखले असतील, तर कॉलमचा नंबर हवा. नाहीतर ठेकेदार म्हणतो "दुरुस्ती झाली होती," आणि नवा माणूस सही करून मोकळा होतो.

नोट मेलवर पाठवून निघून जाऊ नका. दोघांनी मिळून खालपासून वरपर्यंत एक फेरी मारा, पण पुढे नव्या माणसाला चालू द्या. तो नोट वाचत प्रत्येक मजल्यावर आज काय करायचं ते सांगेल, तुम्ही गप्प राहायचं. तो जिथे अडून तुमच्याकडे वळून बघेल, तिथे नोट अपुरी आहे. तिथल्या तिथे भर घाला.

आणि आधीचा इंजिनिअर निघूनच गेला असेल तर? आरएमसीची चलनं काढा. त्यांवर तारीख, ग्रेड आणि घनमीटर छापलेले असतात. ती क्यूब रजिस्टरशी ताडून पाहा आणि ज्या स्लॅबची तारीख जुळत नाही, त्याच्या टेकूंना कन्सल्टंटने लेखी सांगेपर्यंत हात लावू देऊ नका.