दुकानाला आग: क्लेमचा अहवाल लिहिताना या चुका टाळा

"सर्व माल जळून खाक झाला. अंदाजे नुकसान रुपये १५ लाख." जिल्ह्यातल्या दुकानदारांचे क्लेमचे कागद तयार करताना हे वाक्य इतक्यांदा वाचलंय की आता अर्ज उघडण्याआधीच डोकं दुखायला लागतं. "सर्व" म्हणजे काय, आणि १५ लाख आले कुठून? नुकसान मोजायला विमा कंपनीने पाठवलेला सर्व्हेअर पहिल्या भेटीत हेच विचारतो.

राजापूरकडच्या एका भांडी आणि इलेक्ट्रिक सामानाच्या दुकानाची गोष्ट घ्या. गणपतीच्या आदल्या आठवड्यात आग लागली. मालकाने शेल्फ आठवून आठवून यादी केली आणि प्रत्येक वस्तूपुढे छापील किंमत मांडली. विमा मिळतो तो खरेदीच्या किमतीवर. तुमचा न झालेला नफा त्यात बसत नाही. मी म्हटलं, "दादा, आठवणीतली यादी ठेवा बाजूला, वह्या काढा." तर म्हणे, वह्या दुकानातच होत्या, त्या पण गेल्या.

वह्या जळल्या तरी आकडे जळत नाहीत. ३१ मार्चचा शिल्लक माल सीएकडच्या ताळेबंदात होता: ९ लाख. त्यानंतरची खरेदी जीएसटी पोर्टलवरच्या GSTR-2B मध्ये दिसली आणि कोल्हापूरच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून बिलांच्या प्रती आल्या: १८ लाख. विक्री भरलेल्या रिटर्नवरून २० लाख. मागच्या वर्षांचा नफा विक्रीच्या १५ टक्के होता, म्हणजे विकलेल्या मालाची खरेदी किंमत १७ लाख. नऊ अधिक अठरा, वजा सतरा: आगीच्या दिवशी दुकानात १० लाखांचा माल. मागच्या खोलीतला २ लाखांचा माल वाचला. जळक्या तांब्या-पितळेचे भंगारात ५० हजार धरले. नुकसान साडेसात लाख.

इथे त्याला दुसरा धक्का बसला. माल १० लाखांचा आणि विमा ८ लाखांचाच. कमी विमा उतरवला की त्याच प्रमाणात क्लेम कापतात. छोट्या दुकानांना मिळणाऱ्या भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, पण ही होती २० टक्के. साडेसातचे झाले ६ लाख, त्यातूनही पॉलिसीतली वजावट गेली. शिवाय कॅश क्रेडिटची मर्यादा टिकावी म्हणून बँकेला आदल्या महिन्यात १२ लाखांचा स्टॉक दाखवला होता. सर्व्हेअर बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट मागवतोच. मग लेखी विचारणा, खुलासा, आणि दोन आकड्यांतला कुठला खोटा ते सांगायची पाळी. बँकेला फुगवून आकडे देणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती उरलेली नाही.

जीएसटीचंही तसंच. जळालेल्या मालावर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट कायद्याने परत करावं लागतं. ते परत केल्याचा कागद जोडलात तरच ती रक्कम नुकसानीत मागता येते. क्रेडिटही ठेवायचं आणि क्लेमही करायचा, हे चालत नाही.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे वेळा. अर्जात "रात्री १२ च्या सुमारास", पोलिसांच्या पंचनाम्यात साडेअकरा, आणि नगरपरिषदेच्या अग्निशमन दलाच्या नोंदीत वर्दी ११:२० ला. बंब आगीच्या आधीच निघाला की काय? कोणी मुद्दाम खोटं बोलत नाही, घाबरलेल्या माणसाला वेळ आठवत नाही एवढंच. म्हणून मी दुकानदाराचा मोबाईल मागून घेतो. शेजाऱ्याचा फोन कधी आला, बंबाला कधी लावला, सगळं त्यात असतं. प्रत्येक वेळेपुढे ती कशावरून कळली ते लिहितो. जी कशावरूनच कळत नाही तिच्यापुढे "नक्की आठवत नाही" असं सरळ लिहितो. अग्निशमन दलाचा अहवाल हातात येईपर्यंत वेळांचा तक्ता पक्का करायचा नाही. "आजच पाठवून टाकू हो" म्हणणाऱ्यांना मी चहा पाजून घरी पाठवतो. कंपनीला आग लागल्याची खबर मात्र त्याच दिवशी द्यायची. खबर वेगळी, सविस्तर अहवाल वेगळा.

कारणाच्या रकान्यात "शॉर्ट सर्किट" ठोकून देऊ नका. तुम्ही पाहिलं नसेल तर "कारण अग्निशमन दलाच्या अहवालाप्रमाणे" एवढं पुरे. बहुतेक पॉलिसींत ज्या उपकरणात शॉर्ट सर्किट झालं त्या उपकरणाचे पैसे मिळत नाहीत, तिथून पसरलेल्या आगीने झालेल्या नुकसानीचे मिळतात. म्हणून ते उपकरण, समजा फ्रीज, यादीत वेगळ्या ओळीत दाखवा.

सर्व्हेअर येण्याआधी राख उपसू नका. पाऊस असेल तर वर ताडपत्री टाका, आणि टाकण्याआधी चारी कोपऱ्यांतून फोटो घ्या.

फर्निचर, इमारत आणि माल एकाच बेरजेत घालू नका. पॉलिसीत त्यांच्या विमा रकमा वेगळ्या लिहिलेल्या असतात. एकातली शिल्लक दुसऱ्याला आपोआप मिळेल असं गृहीत धरू नका. दुकान भाड्याचं असेल तर इमारतीचा क्लेम मालकाचा, तुमचा नाही.