रात्री राहायला बोलावलंय, पण घरून नाही म्हणाले: मैत्रिणीला कसं सांगायचं?

मैत्रिणीचा वाढदिवस आहे. चार-पाच जणी शनिवारी रात्री तिच्याकडेच राहणार आहेत आणि तुला घरून स्पष्ट नकार मिळालाय. अशा वेळी आपल्याला एकच काळजी लागते, की सगळ्यांसमोर आपण कुक्कुलं बाळ ठरणार. पण तिकडे मैत्रिणीच्या मनातही काहीतरी चालू असतं: 'आमच्या घरात असं काय खटकलं?' बहुतेक नकार बिघडतात ते या दुसऱ्या प्रश्नाचा विचारच न झाल्यामुळे.

मैत्रिणीला उत्तर देण्याआधी घरी दोन गोष्टी विचारून घे. नकार फक्त झोपायला राहण्याला आहे की जाण्यालाच? आणि हा नियम सगळ्या घरांना आहे की याच घराला? वाद उकरून न काढता विचार: "राहायचं नाही हे कळलं. मग नऊपर्यंत थांबू का? घ्यायला कोण येईल?" राहण्याला ठाम नकार देणारे आईबाबा पुष्कळदा याला हो म्हणतात. तोवर मैत्रिणीला "घरी विचारून उद्या सांगते" एवढं पुरे, आणि उद्या म्हणजे उद्याच. नुसतं "बघते" म्हणून विषय लांबवू नकोस. ती तुला धरून तयारी करते आणि शनिवारी दुपारी आलेला नकार तिला जास्त लागतो.

मग तिला एकटीला गाठून सांग, समोरासमोर किंवा फक्त तिलाच मेसेज करून. ग्रुपवर सांगितलंस की "का गं?", "मी बोलू का काकूंशी?" अशी रांग लागते आणि तिलाही सगळ्यांदेखत काय बोलावं ते सुचत नाही.

शब्द साधारण असे असू देत:

"तू बोलावलंस, मला खूप छान वाटलं. पण रात्री कुणाच्याच घरी राहायला मला परवानगी नाही, त्यामुळे मी राहणार नाही. संध्याकाळी मात्र नक्की येतेय, नऊपर्यंत आहे."

यातलं 'कुणाच्याच घरी' सगळ्यात मोलाचं आहे. नियम तिच्या घराविरुद्ध नाही, हे तिला न विचारता कळतं. पण ते खरं असेल तरच म्हण. आईबाबांचा आक्षेप त्याच घराला असेल, समजा त्या रात्री तिथे कुणी मोठं माणूस नसणार म्हणून, तर "या वेळी घरून नाही म्हणाले" इथेच थांब. तिच्या घराबद्दल तुझ्या घरी जे बोलणं झालं, त्यातला एक शब्दही तिकडे जाता कामा नये. मैत्रीण दुखावते ती नकारापेक्षा त्या शब्दांनी.

ताप आला, पाहुणे आले, असली कारणं मला अजिबात पटत नाहीत. दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी फोटोत तू ठणठणीत दिसतेस, आणि पुढच्या आमंत्रणाला नवा ताप शोधावा लागतो. "आमच्या घरचे असलेच आहेत" हेही नको. उद्या हीच मैत्रीण तुझ्या घरी येईल, तेव्हा तुझ्या आईसमोर तिलाच अवघडायला होईल.

ती आग्रह करेल. "माझी आई फोन करेल ना तुझ्या आईला!" हे ती प्रेमानेच म्हणते. तिला सांग: "विचारून झालंय गं. काकूंनी फोन केला आणि त्यांनाही नकार ऐकावा लागला, तर आपण दोघी अवघडून जाऊ." पुन्हा विचारलं तर हेच पुन्हा सांग, नवं कारण जोडू नकोस. प्रत्येक नव्या कारणावर ती तोडगा काढेल आणि तुला तो खोडत बसावं लागेल.

त्या दिवशी पोचल्या पोचल्याच "मी नऊला निघणार" असं तिला आणि तिच्या आईलाही सांगून ठेव. म्हणजे केक किंवा जेवण तुझ्या निघण्याआधी होईल आणि ऐन रंगात आल्यावर "आत्ताच?" असं कुणी म्हणणार नाही. घ्यायला आले की लगेच निघ. दारात अर्धा तास रेंगाळलीस, तर राहण्याचा आग्रह पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

दुसऱ्या दिवशी तू स्वतःहून विचार: "मी गेल्यावर काय काय केलंत?" तुला वाईट वाटेल म्हणून त्या कदाचित तो विषयच टाळत असतील. तू विचारलंस की मोकळ्या होतील. मैत्रीण तरीही गप्प गप्प वाटली, फक्त "हं, ठीक आहे" एवढंच बोलली, तर "रागावलीस का?" असं खोदत बसू नकोस. घरी विचारून घे आणि येत्या रविवारी दुपारी तिला तुझ्याकडे बोलव.