घरच्यांनी ‘बटण मोठं कर’ म्हटलं, तर आधी काय बघायचं?

नवं डिझाइन घरच्यांना किंवा मित्रांना दाखवताना बहुतेक जण विचारतात, “कसं वाटतंय?” या प्रश्नाला उत्तर आवडीनिवडीचंच येणार. समोरच्याने अजून काही वापरलेलंच नसतं, त्यामुळे त्याच्याकडे सांगण्यासारखं दुसरं काही नसतं. म्हणून आधी काम द्यायचं आणि मत नंतर विचारायचं.

समजा, डॉक्टरांची वेळ घेण्याच्या अ‍ॅपची एक स्क्रीन तयार आहे. तिचा क्लिक करता येणारा नमुना मावशीच्या फोनवर उघडून द्या आणि एवढंच सांगा: “गुरुवारी सकाळची वेळ घेऊन दाखव.” मग गप्प बसा. ‘खाली बघ’, ‘तिथे नाही’ असं एकदा जरी बोललात, तरी ती तपासणी वाया गेली. शक्यतो फोनही तिचाच असू द्या, कारण तिथे अक्षरांचा आकार आणि स्क्रीनचा उजेड तिने स्वतःला सोयीचा ठेवलेला असतो. वहीत तीन रकाने पाडा: काय केलं, काय म्हणाली, काय उपाय सुचवला. हे तिन्ही एकत्र लिहिले की गफलत होते. सुचवलेला उपायच आपण दोष म्हणून धरून बसतो.

आता तिच्या दोन सूचना घ्या. “हा निळा मला नाही आवडला, हिरवा कर” आणि “खालचं बटण मोठं कर.” दोन्ही ऐकायला सारख्याच वाटतात. पहिल्या रकान्यात मात्र फरक दिसतो. निळ्या पट्टीपाशी ती कुठेच थांबली नाही. तारीख निवडली आणि पुढे गेली. बटणापाशी मात्र तिने स्क्रीन दोनदा वरखाली केली, काही भरायचं राहिलंय का ते शोधलं आणि मग विचारलं, “आता काय?” निळ्याबद्दलचं मत आवडीचं आहे. ते लिहून ठेवा, पण त्यावरून काही बदलू नका. बटणापाशी काम अडलंय, म्हणजे तिथे खरा दोष आहे.

पण बटण मोठं करणं हे त्याचं उत्तर असेलच असं नाही. तिची अडचण खरी आहे. उपाय मात्र अंदाजाने सुचवलेला आहे. आधी आकार मोजा. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात बोटाने दाबायची जागा डीपी या स्क्रीनवरच्या मापात किमान ४८ × ४८ सांगितली आहे. बटणाची उंची ४८ असेल, तर आकाराचा प्रश्न मिटला. मग रंग तपासा. #EEEEEE पार्श्वभूमीवर #AAAAAA अक्षरं असतील, तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन्हींच्या उजळपणाचं गुणोत्तर, साधारण २:१ येतो. वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या नियमावलीच्या एए पातळीला नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५:१ लागतो. बंद असलेल्या बटणांना हा नियम लागू नाही, आणि गोम नेमकी इथेच आहे. फिकट राखाडी बटण म्हणजे ‘अजून दाबता येत नाही’ हे लोकांच्या अंगवळणी पडलेलं असतं. मावशीला बटण दिसलं होतं, ते बंद आहे असं वाटलं. ते दुप्पट मोठं केलं असतं, तर फक्त मोठं बंद बटण दिसलं असतं. #1F4E9E पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं घेतली तर कॉन्ट्रास्ट ८:१ च्या जवळ जातो आणि बटण चालू दिसतं.

काही मतं या दोन्हींच्या मधे पडतात आणि तिथेच जास्त सावध राहायला हवं. “हे बँकेच्या फॉर्मसारखं वाटतंय” हे वाक्य आवडीचं वाटतं, आणि काम तर कुठेच अडलेलं नसतं. पण स्क्रीन घाबरलेल्या रुग्णाला धीर देणारी वाटावी असं ठरलं असेल आणि एकमेकांशी न बोललेल्या तीन जणांनी तिला रुक्ष, सरकारी, कोरडी म्हटलं असेल, तर ठरवलेला परिणाम साधलेला नाही. तो दोषच आहे. म्हणून कोणता परिणाम हवा, हे दाखवण्याआधीच एका ओळीत लिहून ठेवावं; नंतर लिहिलं की आपण आपल्याला सोयीचं लिहितो. सगळ्यांना एकत्र बसवून मात्र विचारू नका. पहिला जे बोलतो तेच बाकीचे उचलतात आणि एकाच मताची तीन मतं झाल्यासारखी वाटतात.

उलटंही होतं. “छान झालंय, सगळं समजलं” असं म्हणणारा मित्र चुकीची तारीख निवडून मोकळा झालेला असतो. जवळची माणसं मन राखायला चांगलं बोलतात, त्यामुळे शब्द आणि कृती जुळत नसतील तिथे कृती धरा. शिवाय ज्याला कधी स्वतः वेळ घ्यावी लागत नाही, त्याला ‘आणखी कोणती माहिती हवी’ हे विचारून फारसं काही हाती लागत नाही. अक्षरं वाचता येतात का, बटण सापडतं का, एवढं मात्र त्याच्याकडूनही नीट कळतं.

बदल केल्यावर तीच स्क्रीन मावशीला पुन्हा देऊन उपयोग नाही, कारण बटण कुठे आहे हे तिला आता ठाऊक आहे. काम तेच ठेवा, वाक्यही तेच, फक्त माणूस नवा घ्या. तो बटणापाशी न थांबता पुढे गेला, तर पुढच्या अडचणीकडे वळा. तोही तिथेच घुटमळला, तर रंग आणि आकार सोडून बटणावरचे शब्द तपासा: ‘सादर करा’ऐवजी ‘ही वेळ नक्की करा’ लिहून बघा.